पगाराच्या खात्याचा उतारा कसा वाचावा?

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचे बँकेत चालू खाते असते, आणि त्याचा हिशोब मुनीम किंवा मुलगा पाहतो. पण आता घराघरातून मुले-मुली नोकरीला लागत आहेत. कारखान्यातील मास्टरचा मुलगा कंपनीत लागतो, रंगाऱ्याची मुलगी दवाखान्याच्या ऑफिसात बसते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नावावर पगाराचे बचत खाते उघडले जाते. मोबाईलवर किती शिल्लक आहे एवढे ती पाहतात. उतारा, म्हणजे ज्याला बँक स्टेटमेंट म्हणतात, तो मात्र कोणी उघडत नाही. कर्जासाठी किंवा भाड्याच्या घरासाठी कोणी तो मागितला की मगच तो निघतो, आणि त्या वेळी त्यातले शेकडो रुपये निघून गेल्याचे कळते.

कापडाच्या धंद्यात वर्षातून दोन वेळा तरी आपण पार्टीचा खाते उतारा मागवतो आणि आपल्या वहीशी ताडून पाहतो. सुरतेच्या पार्टीने कटौती धरली की नाही, परत गेलेले तागे जमा केले की नाही, हे त्यातच कळते. बँकेचा उतारा यापेक्षा वेगळा नाही. तो बँकेच्या वहीतील आपल्या पानाची नक्कल आहे, आणि नक्कल ही लिहिणाराच्या बाजूने लिहिलेली असते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचा निम्मा गोंधळ संपतो.

वही लिहिणाऱ्या बापांचा घोटाळा येथेच होतो. आपण बँकेत दहा हजार भरले तर आपल्या वहीत बँकेच्या खात्याला ते नावे पडतात, कारण बँक आपले देणे लागते. बँकेच्या वहीत त्याच दहा हजारांची तुमच्या खात्याला जमा होते, कारण तिच्या दृष्टीने तुम्ही धनको आहात. म्हणून उताऱ्यात "Credit" किंवा "Cr" म्हणजे पैसा आत आला आणि "Debit" किंवा "Dr" म्हणजे पैसा बाहेर गेला. शिल्लकेपुढे "Cr" असले तर ती रक्कम आपली. तेथे "Dr" दिसले तर आपणच बँकेचे देणेकरी झालो.

आता एक नमुना घेऊ. आकडे समजावण्यासाठी बसवलेले आहेत, पण ओळी जशा पडद्यावर दिसतात तशाच ठेवल्या आहेत. मुलगा बावीस वर्षांचा, एका कंपनीत भांडारात कामाला, ठरलेला पगार महिना २२,००० रुपये. त्याने मोबाईल हप्त्यावर घेतला आहे, हप्ता १,८३३ रुपयांचा, दर महिन्याच्या ५ तारखेला. (हप्त्यावर वस्तू घ्यावी की न घ्यावी हा वेगळा विषय आहे, तो येथे नको.) पगार ७ तारखेला येतो. उतारा ऑगस्ट २०२५ चा.

```
Statement: 01-08-2025 to 31-08-2025
Opening Balance      1,846.00 Cr   ← १
Total Credits       20,760.00      ← २
Total Debits        13,562.00      ← ३
Closing Balance      9,044.00 Cr   ← ४
```

उतारा उघडला की प्रथम या चार आकड्यांकडे पाहावे. १ मध्ये २ मिळवावे, त्यातून ३ वजा करावे, ४ यायला हवा. १,८४६ अधिक २०,७६० म्हणजे २२,६०६, त्यातून १३,५६२ गेले, राहिले ९,०४४. बँकेची बेरीज चुकत नाही, म्हणून ही बेरीज बँकेसाठी करायची नाही. ती करायची यासाठी की आपल्या हातातील कागद पुरा आहे, मधले पान गळालेले नाही, याची खात्री व्हावी. तसेच सुरुवातीची शिल्लक मागील महिन्याच्या अखेरच्या शिल्लकेशी जुळलीच पाहिजे. कोणी दुसऱ्याने उतारा आणून दाखवला, भाडेकरूने म्हणा किंवा उधारी मागणाऱ्याने म्हणा, तरी ही ताळणी उपयोगी पडते. फेरफार करणारा एखादी रक्कम बदलतो, पण खालच्या प्रत्येक ओळीची शिल्लक बदलायचे विसरतो.

आता आतील ओळी.

```
02/08 UPI/DR/521412345678/KIRANA    350.00 Dr   1,496.00
06/08 NACH RTN CHRG 050825 +GST     590.00 Dr     906.00  ← ५
07/08 NEFT CR-XYZ LTD-SAL JUL25  20,120.00 Cr  21,026.00  ← ६
09/08 NACH DR-MOBILE FINANCE      1,833.00 Dr  19,193.00  ← ७
```

डावीकडे तारीख, मग व्यवहाराचे वर्णन, मग रक्कम, आणि शेवटी त्या व्यवहारानंतरची शिल्लक. वर्णनालाच उताऱ्यात "Narration" किंवा "Particulars" म्हणतात. प्रत्येक बँकेची लिहिण्याची तऱ्हा थोडी वेगळी असते, पण पहिली दोन-चार अक्षरे पाहिली की पैसा कोणत्या वाटेने गेला ते कळते. "UPI" म्हणजे मोबाईलवरून दिलेले. त्यापुढील बारा आकडी नंबर हा त्या व्यवहाराचा पावती क्रमांक समजावा. तक्रार करायची वेळ आली तर तोच नंबर विचारतात. "NEFT" म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पाठवलेले. "NACH" म्हणजे आपण एकदा सही किंवा संमती देऊन ठेवली आणि समोरचा दर महिन्याला आपल्या खात्यातून रक्कम ओढून घेतो ती व्यवस्था.

६ क्रमांकाची ओळ आधी घेऊ, कारण मुलांचा पहिला सवाल हाच असतो. या मुलाने आपल्या मामांना विचारले, "मामू, पगार बावीस हजार ठरला होता, खात्यात वीस हजार एकशे वीसच का?" उत्तर बँकेच्या उताऱ्यात नसते. बँकेकडे जेवढी रक्कम आली तेवढी तिने जमा केली. उत्तर कंपनीच्या पगार पावतीत असते, आणि ती दर महिन्याला मागून घेतली पाहिजे. या पावतीत मूळ पगार १४,००० आणि भत्ते ८,००० होते. भविष्य निर्वाह निधी मूळ पगारावर १२ टक्क्यांनी १,६८० रुपये कापला गेला. हा पैसा गेलेला नाही. तो मुलाच्याच निधी खात्यात बसतो आणि कंपनीही आपला हिस्सा देते. दुसरी कपात व्यवसाय कराची, २०० रुपये. महाराष्ट्रात दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषांकडून महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये घेतले जातात. महिलांना मात्र एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर माफ आहे. तेव्हा एखाद्या मुलीचा पगार वीस हजार असून २०० कापले जात असतील तर तिने कंपनीच्या ऑफिसात विचारावे. बावीस हजारांतून १,६८० आणि २०० वजा केले तर २०,१२० राहतात. पावती आणि उतारा जुळला.

येथे आणखी एक पाहण्यासारखे आहे. ऑगस्टमध्ये आलेल्या रकमेपुढे "SAL JUL25" आहे, म्हणजे हा जुलैचा पगार. एखादा महिना पगार राहून गेला किंवा अर्धाच आला, तर वर्षभराने तोंडी भांडण्यापेक्षा ही ओळ दाखवणे सोपे पडते. काही छोट्या कंपन्या पगार मालकाच्या मोबाईलवरून साध्या यूपीआयने पाठवतात आणि वर्णनात "पगार" असा शब्दच येत नाही. पुढे कर्ज मागताना बँक अशी रक्कम पगार म्हणून धरायला कां-कूं करते. मालक ओळखीचा असेल तर वर्णनात SALARY लिहून पाठवायला सांगावे, त्याला काही खर्च येत नाही.

आता ५ क्रमांकाकडे या. ५९० रुपये कशाचे? आपल्या मुलांचा सर्वांत जास्त पैसा या एका ओळीतून जातो, म्हणून ती सावकाश समजून घ्या.

हप्ता ५ तारखेचा होता. त्या दिवशी खात्यात १,४९६ रुपये होते आणि हप्ता १,८३३ चा. ३३७ रुपये कमी पडले. बँक अर्धा हप्ता देत नाही, पूर्ण रक्कम नसेल तर मागणी परत पाठवते. चेक परत गेल्यावर जे होते तेच येथे झाले, फक्त कागद नाही. या परतीबद्दल मुलाच्या बँकेने ५०० रुपये आकार लावला आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९० रुपये, असे ५९० झाले. हा आकार प्रत्येक बँकेचा वेगळा असतो, तो तिच्या दरपत्रकात पाहावा. लक्षात घ्या, परत गेलेला हप्ता उताऱ्यात कोठेच दिसत नाही. काही बँका रक्कम नावे टाकून लगेच उलट जमा दाखवतात, पण पुष्कळ ठिकाणी फक्त आकाराची ओळ येते, तीही एक-दोन दिवसांनी. म्हणून मुलांना वाटते की बँकेने उगाच पैसे कापले. वर्णनात "RTN", "RETURN" किंवा "BOUNCE" यांपैकी काही दिसले की समजावे, हप्ता परत गेला आहे.

परतीचे नुकसान एवढ्यावर थांबत नाही. ज्या फायनान्स कंपनीने मोबाईल दिला तीही आपल्या करारानुसार परतीचा दंड लावते. तो दंड तिच्या वहीत पडतो, आपल्या बँकेच्या उताऱ्यात नाही. म्हणजे बँकेचा उतारा साफ दिसला तरी फायनान्स कंपनीकडे चार-पाचशे रुपये बाकी राहू शकतात, आणि ते न भरल्यामुळे शेवटचा हप्ता झाल्यावरही कर्ज उघडेच राहते. त्यासाठी कंपनीचा स्वतंत्र उतारा मागावा लागतो. हप्ता ठरल्या दिवशी न पोचल्याची नोंद सिबिलसारख्या पत संस्थांकडे जाऊ शकते, तीही याच मार्गाने. आणि कायद्याची गोष्ट अशी की पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अॅक्ट, २००७ च्या कलम २५ खाली शिल्लक नसल्याने अशी मागणी परत जाणे हे चेक परत जाण्यासारखाच गुन्हा मानले आहे. एका मोबाईलच्या हप्त्यासाठी कोणी सहसा कोर्टात जात नाही, पण वसुलीचा फोन करणारा याच कलमाची धमकी देतो, तेव्हा ते आहे हे माहीत असावे.

७ क्रमांकाला कंपनीने ९ तारखेला तीच मागणी पुन्हा पाठवली आणि या वेळी पगार आलेला असल्याने हप्ता गेला. हे नशीब समजा. पगार उशिरा आला असता आणि मागणी पुन्हा परत गेली असती, तर आणखी ५९० गेले असते. प्रत्येक परतीला वेगळा आकार लागतो. एका महिन्यात दोन परती झाल्या तर ११८० रुपये, म्हणजे हप्त्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम फुकट.

यावर इलाज सोपा आहे, पण तो बँकेत नाही. पगार ७ तारखेला येत असेल तर हप्त्याची तारीख १० किंवा त्यानंतरची असली पाहिजे. कर्ज घेतानाच ती मागून घ्यावी. दुकानातील पोरगा घाईत जी तारीख आधीच भरलेली असते तीच ठेवतो. कर्ज चालू झाल्यावर तारीख बदलायची तर फायनान्स कंपनीकडे लेखी अर्ज करावा लागतो आणि ती नाही म्हणू शकते. तसे झाले तर मागच्या पगारातून हप्त्याएवढी रक्कम ५ तारखेपर्यंत खात्यात पडून राहू द्यावी. काही मुले बँकेत जाऊन संमतीच रद्द करून येतात. त्याने ओढणे थांबते, कर्ज थांबत नाही. हप्ता मग स्वतः भरावा लागतो आणि एक दिवस चुकला तरी तो थकलेला धरतात.

महिन्याचा उरलेला भाग लवकर आटपतो.

```
10/08 UPI/DR/522234567890/ABBA   8,000.00 Dr  11,193.00
14/08 ATM WDL                    2,000.00 Dr   9,193.00
22/08 UPI/AUTOPAY/OTT APP          149.00 Dr   9,044.00  ← ८
24/08 UPI/DR/523645678901/MEDICAL  640.00 Dr   8,404.00  ← ९
25/08 UPI/REV/523645678901         640.00 Cr   9,044.00  ← १०
```

८ ही छोटी रक्कम आहे म्हणून कोणी विचारत नाही. पण "AUTOPAY" म्हणजे ही पुढच्या महिन्यातही जाणार. सिनेमा किंवा गाण्याच्या अॅपने एक महिना फुकट म्हणून संमती घेतलेली असते. अशा वसुलीच्या किमान चोवीस तास आधी सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती सूचना येते, मुले ती पुसून टाकतात. ज्या यूपीआय अॅपवरून संमती दिली त्यातच "Autopay" किंवा "Mandates" अशी यादी असते, तेथून ती रद्द करता येते. अॅप मोबाईलमधून काढून टाकल्याने संमती रद्द होत नाही.

९ आणि १० ही जोडी आहे. औषधाच्या दुकानात पैसे खात्यातून गेले, दुकानदाराला पोचले नाहीत, दुसऱ्या दिवशी परत आले. दोन्ही ओळींतील बारा आकडी नंबर एकच आहे, त्यावरून जोडी जुळवावी. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले असे अडकलेले पैसे पुढच्या दिवसापर्यंत आणि दुकानाला दिलेले पाच दिवसांपर्यंत परत यायला हवेत, त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. एटीएममधून नोटा न निघता खात्यातून रक्कम गेली तरी पाच दिवसांची हीच मुदत. दुकानदारांनीही हे ध्यानात ठेवावे. गिऱ्हाईक मोबाईल दाखवून "पैसे गेले" म्हणते आणि आपल्याकडे आलेले नसतात, तेव्हा ते खोटेच बोलत असते असे नाही. अशा वेळी नंबर लिहून घ्यावा आणि आपल्या उताऱ्यात तो नंबर येतो का ते पाहावे.

दोन ओळी या महिन्यात नाहीत, पण वर्षात कधी ना कधी येतील.

```
30/09 Int.Pd:01-07-2025 to 30-09-2025   50.00 Cr  ← ११
```

चालू खात्यावर व्याज मिळत नाही, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांनी ही ओळ कधी पाहिलेली नसते. बचत खात्यावर, मग ते पगाराचे का असेना, रोजच्या अखेर शिल्लकेवर व्याज धरले जाते आणि बहुतेक बँका ते तीन महिन्यांनी जमा करतात. सरासरी ८,००० शिल्लक, दर अडीच टक्के, ९२ दिवस, असे धरले तर पन्नास रुपये होतात. ज्या घरांत ही रक्कम वापरत नाहीत त्यांना ती वेगळी काढायला अंदाजाची गरज नाही. उताऱ्यात "Int.Pd" किंवा "INTEREST CREDIT" अशा ओळी शोधाव्यात, जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चअखेर चार सापडतील, त्यांची बेरीज तीच वर्षाची रक्कम. बँकेकडून व्याजाचा दाखलाही मिळतो. मात्र रक्कम कोणालाही देऊन टाकली तरी आयकराच्या हिशोबात ती उत्पन्नात दाखवावीच लागते.

दुसरी ओळ मे महिन्याच्या अखेरीस येते, ४३६ रुपये किंवा २० रुपये. ४३६ प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे आणि २० अपघात विम्याचे. खाते उघडताना अर्जावर खूण केलेली असते आणि पोरांना आठवत नाही. विमा नको असेल तर मे संपण्याच्या आधी शाखेत लेखी द्यावे. हवा असेल तर आणखी महत्त्वाचे म्हणजे घरच्यांना सांगून ठेवावे. विमा आहे हेच ठाऊक नसेल तर दावा कोण करणार? घरातील कमावता गेल्यावर त्याच्या उताऱ्यातील ही ४३६ ची ओळ पाहूनच विम्याचा पत्ता लागतो.

नोकरी बदलणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पगाराच्या खात्याला किमान शिल्लक लागत नाही ती पगार येतो म्हणून. काही महिने, पुष्कळ बँकांत तीन महिने, पगार आला नाही की ते साधे बचत खाते होते आणि त्या खात्याचे नियम लागू होतात. नव्या कंपनीने दुसऱ्या बँकेत खाते उघडले आणि जुन्यात दोन-तीनशे रुपये राहिले, तर "AMB CHRG" किंवा "MIN BAL CHG" अशी ओळ दर महिन्याला त्यातून खात राहते. काही सरकारी बँकांनी हा आकार बंद केला आहे, खाजगी बँकांत तो अजून लागतो. जुने खाते लागत नसेल तर त्यावर कोणता हप्ता किंवा ऑटोपे चालू आहे ते आधी सहा महिन्यांच्या उताऱ्यात पाहावे, तो नव्या खात्यावर न्यावा, आणि मग खाते बंद करावे. उलट क्रमाने केले तर पुन्हा परतीची ओळ.

आणि वर्णनात अजिबात न ओळखणारी "Dr" ओळ दिसली, जी आपणही केली नाही आणि घरातही कोणी केली नाही, तर महिनाअखेरची वाट पाहू नये. त्याच दिवशी बँकेच्या नंबरवर कळवून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा, फसवणूक असेल तर १९३० वर फोन करावा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात, चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही अशा प्रकारात, बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवणाऱ्याचे पूर्ण नुकसान माफ धरले, चार ते सात दिवसांत कळवणाऱ्यावर काही भार टाकला आणि त्यापुढचे बँकेच्या धोरणावर सोडले. ओटीपी स्वतःच सांगून टाकला असेल तर कळवण्यापूर्वी गेलेली रक्कम आपल्याच माथी. म्हणून उतारा महिन्यातून एकदा पुरा वाचावा, आणि शेवटच्या पाच-सहा ओळी आठवड्यातून एकदा, शुक्रवारी असो की रविवारी, मोबाईलवर नजरेखालून घालाव्यात. नमुन्यातील मुलाच्या उताऱ्यात महिन्याला नऊच ओळी होत्या.